पाठ होतं, पाहिलं नव्हतं

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या विद्यार्थी संघात मी सल्लागार आहे. कॉपीची किंवा प्लेजरिझमची नोटीस आलेल्या मुलांसोबत चौकशीला बसणं हे माझं काम. त्यातली एक केस अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

सप्लाय चेनचा एमएस्सीचा पेपर होता. घरून २४ तासांत टाइप करून द्यायचा, पुस्तकं पाहायला मोकळीक. ग्राहकांच्या मागणीतला छोटा चढउतार दुकानाकडून कारखान्याकडे जाताना मोठा होत जातो, त्या ‘बुलव्हिप इफेक्ट’वर एक प्रश्न होता. त्याला महाराष्ट्रातून आलेल्या दोन मुलींची उत्तरं शब्दशः जुळली आणि दोघींवर संगनमताचा आरोप आला. माझ्याकडे आलेली मुलगी एकच सांगत होती, “ताई, मी कुणाचं पाहिलं नाही. मला ते पाठ होतं.”

ती खरं बोलत होती. दोघी एकाच कॉलेजच्या, उत्तर एकाच सरांनी लिहून दिलेलं. तिच्या घरून जुन्या वहीच्या पानांचे फोटो मागवले. वर्डच्या फाइलची व्हर्जन हिस्टरीही काढली. पेस्ट केलेला परिच्छेद तिथे एकदम अख्खा उगवतो. हिचा मात्र ओळीओळीने, खोडत, दुरुस्त करत वाढलेला दिसत होता. हा पुरावा मुलं स्वतःहून कधी आणत नाहीत, आणि नेमका तोच उपयोगी पडतो.

चौकशीत अध्यक्षबाईंनी विचारलं, “ही मांडणी कुणाची?” ती म्हणाली, “सरांच्या नोट्समधली.” तिला वाटलं, आपण निर्दोष ठरलो. समितीसाठी ती कबुली होती. संगनमताचा आरोप गेला, प्लेजरिझम सिद्ध झालं. हेतू नव्हता, हे आमच्याकडे शिक्षा ठरवताना बघतात, गुन्हा ठरवताना नाही. पेपर पुन्हा द्यायचा, आणि गुण फार तर ५०, म्हणजे पास होण्यापुरते.

निर्णय नियमाला धरूनच होता. राग येतो तो पहिल्या आठवड्यातल्या त्या ऑनलाइन क्विझचा. पुस्तकातून उतरवू नका, मित्राचं घेऊ नका, एवढंच त्यात असतं. तोंडपाठ मजकूरसुद्धा दुसऱ्याचाच असतो, हे कुठेही लिहिलेलं नाही. ज्या मुलीला चार वर्षं जसंच्या तसं लिहिण्याचेच गुण मिळाले, तिला हे आपोआप कसं कळणार?

पुन्हा लिहिताना आम्ही तेच उत्तर घेऊन बसलो. बुलव्हिपची चार कारणं ली, पद्मनाभन आणि व्हांग यांनी १९९७ मध्ये मांडली. तिला चारही पाठ होती, ही नावं माहीत नव्हती. मी म्हटलं, नावं आणि साल देऊन चारही कारणं दोन ओळींत संपव. मग एकच धर, समजा घाऊक ऑर्डर साठवून एकदम देणं, आणि औषधाच्या दुकानात ते कसं घडतं आणि सिद्धांत तिथे कुठे तोकडा पडतो, ते लिही. गुण त्यालाच आहेत.

ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “पण ताई, सिद्धांत तोकडा पडतो असं मी लिहिलेलं चालेल?”