कणकेचे हात आणि फोनला मारलेली हाक

आमच्या आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, मोतिबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी थेंब घालायच्या वेळा लिहून दिल्या: सकाळी 8, दुपारी 12, संध्याकाळी 4 आणि रात्री 8. यातल्या तीन वेळा नेमक्या माझ्या स्वयंपाकघरातल्या. आठला डबे, बाराला जेवणाची तयारी, रात्री आठला पोळ्या. हात कणकेत नाहीतर हिरव्या मिरचीत. त्या हातांनी फोन उचलायचा, अलार्म बंद करायचा, मग तोच फोन पुन्हा हातात घ्यायचा आणि डोळ्यात थेंब घालायचे, हे मला अजिबात चालणारं नव्हतं. मिरचीचा हात एकदा फोनला लागला की तो फोन दिवसभर मिरचीचाच. तेव्हा मी ठरवलं, ओट्यापाशी असताना फोनला हात लावायचा नाही, तोंडाने सांगायचं.

आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. बाहेर सगळं हिंदी, घरात मराठी. अँड्रॉइड फोनमधल्या गूगल असिस्टंटला 2018 पासून मराठी कळतं, तेव्हा भाषा मराठी ठेवली, आवाज ओळखायला फोनला दोनचार वाक्यं म्हणून दाखवली आणि ‘ओके गूगल’ म्हटल्यावर जागं व्हायची सोय चालू केली. यात पाच मिनिटंही गेली नाहीत. खरं शिकणं त्यानंतरचं.

पहिली चूक रिमाइंडरची. मी चारही वेळांना रिमाइंडर लावले होते, कारण ‘आठवण कर’ हेच शब्द तोंडात आले. दुसऱ्या दिवशी बाराचा थेंब पाऊण वाजता घातला गेला. आई बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं. फोन तपासला तर रिमाइंडर बरोबर बाराला आलेला होता. पडद्यावर एक ओळ, तीही बाकीच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ओळींखाली गेलेली. आई झोपलेल्या असतात म्हणून मी सकाळीच फोन सायलेंट केला होता, आणि रिमाइंडर हे शेवटी एक नोटिफिकेशन आहे. फोन गप्प, तर तेही गप्प. अलार्मचं तसं नाही. फोन सायलेंट असला तरी तो वाजतो, आणि बराच वेळ वाजत राहतो. तिथून मी एक गोष्ट धरून ठेवली: जी वेळ चुकवून चालणार नाही तिला अलार्म, आणि जी गोष्ट तासभर उशिरा दिसली तरी बिघडत नाही तिला रिमाइंडर. ‘दुकानातून गूळ आणायचा’ हा रिमाइंडर. थेंब हा अलार्म, रोजचा, आणि प्रत्येकाला नाव दिलेलं. नाव दिलं की वाजताना पडद्यावर तेच दिसतं. मी घरी नसले तरी मुलाला किंवा ह्यांना कळतं की अलार्म कशाचा आहे.

वेळ सांगताना मी ‘आठला’ एवढंच कधी म्हणत नाही. ‘सकाळी आठला’, ‘रात्री आठला’ असंच म्हणते. तसंच पाऊण, सव्वा, दीड हे आपले सोयीचे शब्द फोनशी बोलताना बाजूला ठेवते. सव्वा तास म्हणायचं असेल तर पंचाहत्तर मिनिटं म्हणते. आणि लावलेली वेळ तो परत उच्चारून दाखवतो, ती ऐकल्याशिवाय मी पुढच्या कामाकडे वळत नाही. सतरा आणि सत्तर यांत मिक्सर चालू असताना काय फरक ऐकू येणार! चूक पकडायची ती तिथेच, त्या दोन सेकंदांत.

दुसरी चूक पुरणाची. होळीच्या आधी एकदा थोडं पुरण करून बघत होते. डाळगूळ एकत्र करून कढई मंद आचेवर ठेवली, दहा मिनिटांचा टायमर लावला आणि मागे वळून कटाच्या आमटीचं वाटण मिक्सरला लावलं. टायमर वाजलाच नाही, असं मला वाटलं. वास आला तेव्हा वळले, तर तळाला काळा थर. मला आधी संशय फोनचा आला. पण त्याला हाक मारली की उत्तर खणखणीत येत होतं. इथेच खरी मेख आहे. बोलण्याचा आवाज आणि अलार्म-टायमरचा आवाज हे दोन वेगळे आवाज आहेत. फोनच्या कडेची बटणं दाबून मी बहुतेक गाण्यांचा आवाज वाढवत आले होते, अलार्मचा कधीच नाही. सेटिंग्जमध्ये आवाजाच्या पानावर Alarm volume म्हणून वेगळी पट्टी असते, ती माझ्या फोनवर अगदी डावीकडे, जवळजवळ तळाला होती. टायमर वाजत होता, पण मिक्सर आणि चिमणीखाली तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. तुमचा फोन नीट बोलतो पण टायमर ‘वाजत नाही’ असं वाटलं, तर आधी ही पट्टी बघा. मी ती पूर्ण उजवीकडे सरकवली, एक मिनिटाचा टायमर लावला, मिक्सर चालू केला आणि दाराशी जाऊन उभी राहिले. तिथवर ऐकू आला, तेव्हाच समाधान झालं.

फोन ठेवायची जागाही तेव्हाच बदलली. मी तो स्टीलच्या वाटीत उभा करून बरणीला टेकवत असे, पडदा समोर दिसावा म्हणून. पण माइक आणि स्पीकर बहुतेक फोनना खालच्या कडेलाच असतात. म्हणजे मी त्याचे कान आणि तोंड दोन्ही वाटीत बुडवून ठेवले होते. आता तो मसाल्याच्या डब्याशेजारच्या फळीवर आडवा असतो, खालची कड माझ्याकडे, शेगडीपासून हातभर लांब, वाफ लागणार नाही असा. आणखी एक: बॅटरी सेव्हर चालू झाला की हाक ऐकायची सोय बंद पडू शकते. मी हाका मारत राहते आणि तो ढिम्म, असं झालं की आधी बॅटरी बघते. नेट गेलं तरी माझी हाक वाया जाते. पण एकदा लागलेला टायमर किंवा अलार्म फोनच्या घड्याळातच असतो. तो नेट नसतानाही वाजतो, फोन मात्र चालू हवा.

मग होळी आली. पुरणपोळ्या पंचवीस, माणसं आठ, आणि आईंचे थेंब चालूच. त्या दिवशी कसं केलं ते सांगते. डाळ रात्री नाही, सकाळी दोन तास भिजवली होती. कुकर लावला, पण टायमर तेव्हा लावला नाही. फोनला शिट्टी कळत नाही, गॅस मोठा की बारीक तेही कळत नाही. त्याला फक्त मिनिटं कळतात. तेव्हा मिनिटं कुठून मोजायची ते आपणच ठरवायचं. पहिली शिट्टी झाली, गॅस बारीक केला, शिट्टीचा आवाज थांबू दिला आणि मग म्हटलं, “डाळीचा पंधरा मिनिटांचा टायमर लाव.” तोवर हात कणकेत गेलेले. कणीक तेलपाण्याने सैल मळून झाली, तिला झाकलं आणि दुसरा: “कणकेचा साठ मिनिटांचा टायमर लाव.” दोन टायमर एकदम चालतात, पण नाव न देता लावले तर वाजल्यावर कुठला कशाचा ते कळत नाही. नाव पडलं की नाही हे पहिल्या वेळी मी क्लॉकमध्ये डोळ्यांनी बघून घेतलं.

पुरणाला मात्र दहा मिनिटांचा टायमर आता लावत नाही. पुरण कधी होतं ते मिनिटांवर नाही. गूळ किती ओला, डाळीत पाणी किती उरलं, त्यावर आहे. झारा मधोमध उभा राहिला, पडला नाही, की झालं. टायमर फक्त मला कढईकडे वळवायला. तीन-तीन मिनिटांचा लावायचा, वाजला की तळापासून ढवळायचं, पुन्हा तीन मिनिटं. पाच वेळा वाजला. पाचव्यांदा झारा उभा राहिला आणि आई खुर्चीवर बसूनच म्हणाल्या, “आता उतरव गं, वासावरून कळतंय.” त्यांच्या डोळ्याला पट्टी असतानाही ते कळलं, याचं मला त्या क्षणी फार बरं वाटलं.

मधे बाराचा अलार्म वाजला. तो मी तोंडाने बंद केला नाही. थेंबांचा अलार्म तोंडाने बंद करायचा नाही, हा माझा नियम आहे. बोलून बंद केला की मन म्हणतं, ही एवढी पोळी लाटते आणि जाते, आणि ती एक पोळी तीन होतात. तो वाजत ठेवते, साबणाने हात धुते, कोरडे करते, थेंब घालते, मग बोटाने बंद करते. बाकी सगळ्यांना मात्र “टायमर बंद कर” चालतं.

एक गोष्ट अजून अडते, ती नळाची. आमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, पहाटे साडेपाचला. अलार्मला वार सांगता येतात, दिवसाआड सांगता येत नाही. या आठवड्यात सोम, बुध, शुक्र, रवि असेल तर पुढच्या आठवड्यात तेच मंगळ, गुरु, शनि होतं, आणि वारांवर लावलेला अलार्म नको त्या दिवशी उठवतो. दर दोन दिवसांनी परत येणारी नोंद गूगल टास्क्समध्ये करता येते, पण ती पुन्हा नोटिफिकेशनच, पहाटे झोपेतून उठवणारी नव्हे. म्हणून मी दोन्ही जोडले. दिवसाआड रात्री पावणेनऊला टास्क येतं, ‘उद्या नळ’ एवढंच. त्या वेळी थेंब घालून झालेले असतात, माझ्या शेवटच्या पोळ्या चालू असतात आणि पडदा समोर असतो. लाटणं न सोडता फोनला सांगते, “उद्या पहाटे साडेपाचचा अलार्म लाव.” तो वेळ परत म्हणतो, ती ऐकते, आणि पुढची पोळी तव्यावर टाकते.