आमची वाटचाल: रद्दी, खणाच्या चिंध्या आणि भाताची लोंबी

आमचं मूळ काम ब्लाऊज शिवायचं. बेळगावात शहापूरच्या गल्लीत घरातच दोन मशीन, आणि लग्नसराईत खणाच्या ब्लाऊजचा ढीग. खण म्हणजे गुळेदगुड्डचा, आमच्या भागात अजूनही हौसेनं नेसला-शिवला जाणारा. त्याचे काखेत नि बाहीजवळ निघणारे तुकडे टाकवत नाहीत. पोती भरून ठेवायचो. त्या पोत्यांतूनच भेटवस्तू बांधून द्यायचा आमचा धंदा उभा राहिला.

आधी ओळखीच्यांच्या राख्या, वाढदिवस, हळदीकुंकवाची वाणं एवढंच होतं. खरं वळण मिळालं ते उद्यमबागेतल्या एका लहान कारखान्याच्या दिवाळीच्या ऑर्डरनं. कामगारांना कुंद्याच्या मिठाईचे बॉक्स द्यायचे होते. मालक म्हणाले, "वहिनी, चकचकीत कागद नको, तो दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो. पण बॉक्समागं दहा रुपयांच्या वर जाऊ नका." त्या ऑर्डरसाठी ठरवलेली पद्धत आजही तशीच चालते, म्हणून ती सविस्तर सांगते.

बॉक्स २२ सेंटीमीटर लांब, १५ रुंद, ६ उंच. गुंडाळायला भोवतीचा घेर ४२ आणि जोडाला ३, म्हणजे ४५ सेंटीमीटर कागद लागतो. दुसरीकडून लांबी २२ आणि दोन्ही टोकांना साडेचार-साडेचार, मिळून ३१. टोकाला पूर्ण उंचीएवढा कागद सोडला तर घड्या जाड होतात आणि टोक फुगतं. उंचीच्या पाऊण भागाएवढाच सोडायचा.

आता पेपर कसा धरायचा, हे महत्त्वाचं. कुठलाही मोठा पेपर वरून खाली फाडून बघा, सरळ रेघेत फाटतो. आडवा फाडला तर वाकडातिकडा जातो. कागदाचे तंतू उभे असतात, आणि घडी त्यांच्याच दिशेनं घातली तर धारदार बसते. म्हणून बातम्यांचे कॉलम बॉक्सच्या लांबीला समांतर हवेत. आडवं धरलं की लांब कडांवर कागद फुगतो, कोपऱ्याला तडकतो आणि बॉक्स हातात घेताच स्वस्तातलं काम कळतं.

तसं धरायचं तर ४५ सेंटीमीटर रुंदीसाठी पेपरचं जोडपान उघडावं लागतं, आणि मधोमध जुनी घडी येते. ती लपवायची नाही, कामाला लावायची. घडीच्या एका बाजूला साडेसोळा आणि दुसऱ्या बाजूला साडेअठ्ठावीस सेंटीमीटर ठेवून कापलं, की ती बरोबर बॉक्सच्या वरच्या एका कडेवर बसते आणि जोड तळाच्या मधे जातो. वरची पाटी कोरी, सपाट राहते.

पेपरचा कागद फार पातळ. एकाच पदरातून बॉक्सवरची छपाई दिसते आणि कोपरा फुटतो, म्हणून दोन पदर घालतो. एका बॉक्सला दोन जोडपानं. किलोभर रद्दीत साधारण साठ जोडपानं येतात, म्हणजे तीसेक बॉक्स. कागदाचा खर्च जेमतेम रुपयाभर.

रद्दी महिनाभर जुनी घेतो. ताज्या पेपरची शाई बोटाला लागते. पांढऱ्या चिंधीनं दोनदा घासून बघायचं, चिंधी काळी झाली तर तो गठ्ठा अजून थांबवायचा. आणि शाईचा कागद खाण्याला कधीच लागू द्यायचा नाही. २०१८ च्या अन्न पॅकेजिंगच्या नियमांनीही खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली आहे. कुंदा बटर पेपरमध्ये, तो बंद बॉक्समध्ये, आणि पेपर फक्त बाहेरून. बॉक्सच्या तळाला तुपाचा डाग दिसला तर तो बॉक्स परत करायचा, कारण तूप दोन पदरांतूनही वर येतं.

पान निवडणं मला फार आवडतं. आमच्या भागात मराठीच्या जोडीला कन्नड पेपरही येतात. मराठी घरी जाणाऱ्या बॉक्सवर कन्नड अक्षरांचं पान सुंदर दिसतं, वाचायला लागत नाही म्हणून नक्षीसारखं वाटतं. कन्नड घरी मराठी पान. बारीक अक्षरांच्या छोट्या जाहिराती सगळ्यात छान. निधनवार्ता, श्रद्धांजली, अपघात असलेलं पान मात्र वरच्या पदराला कधीच नाही, त्यासाठी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी वाचलं जातं. सणाच्या घरात ते जाऊन चालणार नाही.

त्यावर खणाची पट्टी, चार सेंटीमीटर रुंद. नुसती सुतळी करकचून बांधली तर कडेला कागद कापला जातो, पट्टी खाली असली की ताण पसरतो. पट्टी रुंदीभोवती फिरते. वरून आणि दोन्ही बाजूंनी दिसणारा भाग २७ सेंटीमीटरचा, तेवढा सलग खणाचा तुकडा शोधायचा. तळाचा भाग कुठल्याही जुन्या सुती कापडाचा चालतो. ब्लाऊजच्या चिंध्यांत एवढे लांब तुकडे कमी निघतात, म्हणून ते वेगळ्या पिशवीत जातात.

खणाच्या कडेची सुतं सुटतात, ती कशी थांबवायची हे वडगावच्या काकूंनी शिकवलं. त्यांचं अर्धं आयुष्य मागासाठी कांड्या भरण्यात गेलं. "अगं, आधी कापड कडक कर, मग काप. सुतं जागची हलत नाहीत," म्हणाल्या. दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात कालवायचा, पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, वर चिमूटभर तुरटी. ही खळ ताकासारखी पातळ करून कापायच्या रेघेवर लावायची, वाळू द्यायची, मग कात्री. तीच खळ घट्ट ठेवली की कागदाचे जोडही चिकटतात, पण अगदी पुसट बोटानं लावायची, नाहीतर कागदाला सुरकुत्या पडतात. आंबट वास आला की फेकून ताजी करायची.

शेवटी पट्टीखाली खोचलेली भाताची लोंबी. येळ्ळूरकडच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून घेतो. दाणे अर्धे पिवळे, अर्धे हिरवे असतानाच कापून, जुडी उलटी टांगून सावलीत आठवडाभर वाळवलेली. पूर्ण पिकलेली लोंबी बांधतानाच झडते, उन्हात वाळवलेली ठिसूळ होते. जुड्या तारेवर टांगलेल्याच बऱ्या, जमिनीवर उंदीर सोडत नाहीत. दसऱ्याला लोंबीऐवजी आपट्याची पानं, रद्दीच्या गठ्ठ्यात दाबून सपाट वाळवलेली. ताजी फुलं लावा म्हणणारे पुष्कळ असतात, पण झेंडूच्या ओलाव्यानं कागद तासाभरात पोपडतो. आम्ही नाही म्हणतो.

साहित्य तीन-चार रुपयांत बसतं, उरलेलं बांधणाऱ्या बायकांच्या हाती जातं. सरावलेल्या हातालाही एका बॉक्सला काही मिनिटं लागतात, त्यामुळे दहापेक्षा खाली दर आला की मजुरी कापावी लागते. तसं काम आम्ही घेत नाही.

गणपतीच्या दिवसांत पेपरचं काम बंद. आमच्या पावसात कागद हवेनंच मऊ पडतो, घडी धरत नाही, खळीला बुरशी येते. तेव्हा फक्त कापडाच्या पुरचुंड्या आणि काथ्याची दोरी. दिवाळीच्या ऑर्डरी दसऱ्यापर्यंत घेतो. त्यानंतर सांगितलं तर लोंबी मिळत नाही, शेतात कापणी सुरू झालेली असते.