गुलाबाचं कटिंग पालवतं आणि मग मरतं, ते का? मध आणि रूटिंग पावडर दोन्ही वापरून बघितल्याचा अनुभव

कटिंगला पानं फुटली म्हणजे ते लागलं असं आपण धरून चालतो ना, अर्धा घोळ तिथेच आहे. गुलाबाची फांदी कापून मातीत खोचली की दहा-पंधरा दिवसांत डोळे फुगतात, लालसर कोवळी पालवी येते, आपण खूश. आणि मग एका दुपारी ती पालवी मान टाकते आणि दोन दिवसांत सगळी काडी काळी. माझ्याकडे हे इतक्या वेळा झालं की शेवटी मेलेली कटिंगं फेकून द्यायच्या ऐवजी मी ती उपटून, धुवून, खालचं टोक नीट बघायला लागले. खरं ज्ञान तिथेच मिळालं.

पालवून मेलेल्या बहुतेक काड्यांना खाली एकही मूळ नव्हतं. म्हणजे आधी मुळं आली आणि नंतर काहीतरी बिघडलं असं नाहीच. फांदीत आधीच साठवलेलं अन्न आणि पाणी असतं, त्यावर डोळा फुटतो, त्याला मूळ लागतच नाही. बचतीवर चाललेला संसार तो, बाहेरून सगळं छान दिसतं. वर पानं वाढली की त्यातून पाणी जास्त उडतं, खालून भरपाई शून्य, मग साठा संपला की खेळ खल्लास. त्यामुळे हल्ली मी वरच्या फुटव्याकडे बघून काहीच ठरवत नाही. ग्लास पारदर्शक घेते, बाहेरून काळा कागद गुंडाळते आणि तो सरकवून मुळं दिसतात का तेवढंच बघते. काडी हलवून, ओढून बघायचं नाही, नवीन मूळ इतकं ठिसूळ असतं की तेवढ्यानेच तुटतं.

आता मधाचं. सगळीकडे सांगतात की कापलेलं टोक मधात बुडवा, नैसर्गिक रूटिंग हार्मोन आहे. मला हे पटत नव्हतं पण करून बघायला काय जातंय, म्हणून एकाच गुलाबाच्या झाडाच्या, एकाच दिवशी कापलेल्या, साधारण एकाच जाडीच्या काड्या तीन भागांत लावल्या. काहींना मध, काहींना पावडर, काहींना काहीच नाही. बाकी माती, ग्लास, जागा, झाकण सगळं सेम. हे सेम ठेवणं महत्त्वाचं, कारण लोक मधवालं कटिंग सावलीत झाकून ठेवतात आणि साधं उघड्यावर, आणि मग मधामुळे लागलं म्हणतात.

तर मधवाल्या आणि काहीच न लावलेल्या काड्यांमध्ये मुळांच्या बाबतीत मला काही फरक दिसला नाही. ज्या लागल्या त्यांना एका बाजूने थोडीशी मुळं, ती पण उशिरा. पावडरवाल्यांना मुळं आधी आली आणि टोकाच्या चारी बाजूंनी आली, झुपका म्हणतात तसा. याचं कारण साधं आहे. पावडरमध्ये आयबीए नावाचं ऑक्झिन, म्हणजे झाडाच्या वाढीचा हार्मोन असतो, झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत जे ऑक्झिन तयार होऊन खाली उतरतं त्याच जातीचं, आणि त्यानेच सालीखालच्या पेशींना मूळ बनायचा इशारा मिळतो. मधात असा मुळं फोडणारा हार्मोन नाही. मधात जंतू वाढत नाहीत हे खरं, कारण साखर प्रचंड, पाणी कमी आणि तो आम्ल असतो, म्हणून कापलेल्या जागेवर त्याचा थोडा वेळ उपयोग होत असेल. पण ओल्या मातीत तो काही तासांत पातळ होतो आणि मग उरतं साखरेचं पाणी, जे बुरशीला आवडतं. आणि मुंग्यांना. माझ्या दोन मधवाल्या ग्लासांत मुंग्यांची रांगच लागली होती, मातीत भोकं पाडून टोकापर्यंत पोचल्या होत्या.

पण थांबा, पावडरवाल्यांतल्या पण बऱ्याच मेल्या. हे कुणी सांगत नाही. त्या उपटून बघितल्या तर दोन प्रकार. एक, टोक काळं, मऊ, दाबलं की साल सुटून हातात येते आणि वास येतो. म्हणजे कुजलं, पाणी जास्त झालं. दुसरा, टोक तपकिरी, कोरडं, साल सुरकुतलेली, वास वगैरे काही नाही. म्हणजे सुकलं, वरून पाणी उडालं आणि खालून मिळालं नाही. या दोन्हींवर पावडर काहीही करू शकत नाही. ती जिवंत काडीला मुळं लवकर फोडायला लावते, मरणाऱ्याला वाचवत नाही. आणि लोक काय करतात, सुकलेलं कटिंग बघून पाणी वाढवतात, मग पुढची बॅच कुजते, मग पाणी कमी करतात, मग सुकते. या चक्रातून सुटायचं तर पाणी मातीतून न देता हवेतून द्यायला लागतं. म्हणजे माती जेमतेम ओली आणि वर झाकण, आतली हवा दमट. मी अर्धं कोकोपीट आणि अर्धी धुतलेली जाड वाळू घेते, मुठीत घट्ट दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब पडला तर ठीक, धार लागली तर जास्त ओलं. बागेतली माती आणि शेणखत या टप्प्यावर अजिबात नको, मुळंच नाहीत तर खत खाणार कोण, आणि कुजवणारे जंतू मात्र त्यातून येतात. झाकणाला पाण्याची बाटली अर्धी कापून उलटी घालते. आणि थेट ऊन नको, त्या बाटलीत उन्हाने इतकं तापतं की काडी अक्षरशः शिजते. भरपूर उजेड पण ऊन नाही अशी जागा.

फांदी कुठली घ्यायची हे मला बागकाम करणाऱ्या एका काकांनी शिकवलं. मी विचारलं, काका, काडी तयार आहे हे ओळखायचं कसं? ते म्हणाले, "ताई, काटा मोडून बघा." काट्याला अंगठ्याने आडवा दाब द्यायचा. टक्कन स्वच्छ तुटला आणि खाली हिरवी ओली जागा दिसली तर फांदी तयार. नुसता वाकला किंवा साल ओढत निघाला तर अजून कोवळी आहे, ती कुजणार. आणि अगदी जून, करडी फांदी असेल तर मुळं यायला फार वेळ लागतो. फूल येऊन पाकळ्या गळल्या की त्या फुलाखालची फांदी साधारण या टप्प्यावर असते. पेन्सिलीएवढी किंवा थोडी बारीक, वीतभरापेक्षा कमी, तीन-चार डोळे असलेली.

खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, कारण मुळं तिथे सोपी फुटतात, आणि कात्री धारदार पाहिजे, चेचलं गेलं तर कुजणं तिथूनच सुरू होतं. खालच्या टोकाला एका बाजूची साल बोटाच्या पेराएवढी हलकेच खरवडायची, याने मला पावडरइतकाच फरक जाणवला. पानं सगळी काढू नका. वरचं एक किंवा दोन ठेवा आणि त्यांची पण टोकाकडची छोटी पानं कापून आकार अर्धा करा, कारण पान पाणी उडवतं हे खरं असलं तरी काडीला साखर आणि ऑक्झिन पण तेच पुरवतं.

पावडरबद्दल दोन गोष्टी. जास्त लावली म्हणजे जास्त मुळं असं नसतं, जास्त झाली की टोक जळतं आणि ते कुजल्यासारखंच दिसतं. पाकिटावर टक्केवारी असते, कोवळ्या फांदीला 0.1, अशा अर्धवट पिकलेल्या फांदीला 0.3 आणि जून लाकडाला 0.8 टक्के आयबीए साधारण चालतं. टोक ओलं करून, झटकून, एक-दोन सेंटीमीटरच पावडरीत बुडवायचं आणि टिचकी मारून जास्तीची पाडायची. दुसरं म्हणजे काडी डायरेक्ट डबीत घालायची नाही, चमचाभर बाहेर काढायची, नाहीतर ओल जाऊन सगळी डबी बाद होते. आणि मातीत आधी काठीने भोक पाडून मगच काडी ठेवायची, नुसती खुपसली तर सगळी पावडर वरच पुसली जाते, आणि मग पावडर बोगस निघाली म्हणून ओरडायचं.

जास्वंदीला हेच सगळं, फक्त तिला ऊब जास्त लागते, थंडीत ती नुसती बसून राहते. कळ्या असतील तर खुडून टाका. जास्वंदीची पानं पिवळी पडून गळतात तेव्हा लोक घाबरून काडी फेकून देतात, पण पान देठासकट स्वच्छ सुटून पडलं तर काडी जिवंत आहे, कारण पान गाळायला पण जीव लागतो. पान काळं-तपकिरी होऊन तसंच लटकून राहिलं तर मात्र आशा सोडा. शंका असेल तर नखाने वरची साल किंचित खरवडा, खाली हिरवं दिसलं तर थांबा. गुलाबाला साधारण चार ते आठ आठवडे धरा, जास्वंदीला पण महिना-दीड महिना. मध्ये कधी टोकाला पांढरट गाठ दिसते, कॅलस, ती मूळ नाही. नुसती गाठ घेऊन काडी कितीतरी दिवस बसू शकते.

मुळं दिसली की लगेच बाटली काढून टाकणं, यात पण खूप कटिंगं जातात आणि हे तर जास्त वाईट वाटतं कारण काम झालेलं असतं. आतल्या दमट हवेत आलेलं पान बाहेरच्या कोरड्या हवेत पाणी धरूनच ठेवू शकत नाही. पहिल्या दिवशी तासभर उघडायची, मग रोज थोडं वाढवत आठवडा-दहा दिवसांत पूर्ण काढायची. पान मान टाकायला लागलं की परत झाका. कुंडीत हलवायची घाई पण नको, मुळं तीन-चार सेंटीमीटर होऊन त्यांना बारीक फाटे फुटेपर्यंत थांबायचं.

आणि बुकेतल्या गुलाबांचा नाद मी सोडला. ते कापून किती दिवस झालेत माहीत नसतं, शीतगृहात राहून साठा संपलेला असतो. मोठ्या फुलांच्या बऱ्याच हायब्रीड जाती मुळात स्वतःच्या मुळांवर नीट येत नाहीत, म्हणून तर नर्सरीवाले त्यांचा डोळा दुसऱ्या दणकट जंगली गुलाबावर भरतात. फॅन्सी रंगांच्या जास्वंदींचं पण बरंचसं तसंच, त्या साध्या लाल जास्वंदीवर कलम केलेल्या असतात. गावठी गुलाबी गुलाब आणि साधी एकेरी लाल जास्वंद, या दोन्ही पावडरीशिवाय पण लागतात, त्यामुळे मध लावून लागलं असं कुणी सांगितलं की मी आधी जात विचारते.