शेवळांचं पान, दुसरी फेरी: ‘मात्र’ आणि ‘शक्यतो’ वाचवताना

रानभाज्यांच्या साइटवर सध्या शेवळांचं पान हातात आहे. मूळ मजकूर मावशीचा. तिचं माहेर वसईकडचं, त्यामुळे शेवळं निवडण्यापासून सोड्यांबरोबर शिजवण्यापर्यंत सगळं तिला हातचं माहीत. तिने ते बोलल्यासारखं सलग लिहून दिलं: साधारण १६०० शब्द, परिच्छेद सहा, मथळा एकही नाही. वाचायला गोड, पण बाजारातून जुडी आणून ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला मोबाइलवर त्यात काही सापडणं कठीण.

मागच्या फेरीत मथळे टाकले, परिच्छेद तोडले, याद्या केल्या. पान सुटसुटीत दिसायला लागलं. मग ते मावशीला दाखवलं. तिने दोन मिनिटं स्क्रोल केलं आणि म्हणाली, “हे सगळं मीच सांगितलंय, पण असं नाही सांगितलं.” ही फेरी त्या वाक्यावर आहे.

ज्यांनी शेवळं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. पावसाच्या तोंडावर ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका तपकिरी-जांभळट कोंबांच्या जुड्या घेऊन बसतात, तीच ही. सुरणाच्या कुळातली वनस्पती आहे. तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, म्हणून नीट निवडली-शिजवली नाही तर तोंड आणि घसा खाजतो. म्हणजे या पानावर एखादा ‘पण’ गळला तर नुसती शैली बिघडत नाही, कोणाचा तरी घसा धरतो.

यादीत काय हरवलं

मावशीचा मूळ मजकूर असा होता, त्यातली काकडं म्हणजे एक आंबट रानफळ:

> भाजीत काकडं घालावीत, ती नाही मिळाली तर चिंच चालते, आमसुलाने मात्र शेवळं जून असतील तर खाज पुरती जात नाही, आणि ज्याला एकदा घशाचा त्रास झालाय त्याने शक्यतो खाऊच नयेत.

मागच्या फेरीनंतर तो असा झाला होता:

> खाज घालवण्यासाठी:
> – काकडं
> – चिंच
> – आमसूल

तिन्ही नावं बरोबर आहेत, तरी यादी खोटी आहे. मूळ वाक्यात क्रम होता: आधी काकडं, नसतील तर चिंच. आमसुलाला अट होती. यादीने तिघांना एका ओळीत बसवलं, आणि बुलेटपुढे बसलेली गोष्ट वाचणाऱ्याला बरोबरीचीच वाटते. शिवाय तिन्ही घालायची की एक, तेही कळत नाही. ‘घालवण्यासाठी’ या शब्दाने तर मावशीने कधीच न दिलेली हमी देऊन टाकली. आणि घशाच्या त्रासाचं वाक्य आंबटाच्या मथळ्याखाली शोभत नाही म्हणून पार तळाशी ‘इतर सूचना’मध्ये गेलं होतं. ‘इतर सूचना’ हा मथळा दिसला की मी आता संशयानेच बघते. ज्याला जागा सापडली नाही ते सगळं तिथे जाऊन पडतं.

आता यादी करण्याआधी दोन गोष्टी तपासते. एक, मुद्द्यांचा क्रम उलटापालटा करून बघायचा. अर्थ बदलला तर साधी यादी नको. आकडे घातलेली यादी किंवा सरळ वाक्यं हवीत. दोन, एकच मुद्दा उचलून कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर तो एकटा खरा राहतो का? लोक पानाचा दुवा पाठवत नाहीत, स्क्रीनशॉट पाठवतात. ‘आमसूल’ हा एकटा मुद्दा या परीक्षेत नापास.

आत्ताचं रूप हे आहे:

> आंबट घातल्याशिवाय शिजवू नका
>
> काकडं सगळ्यात चांगली. शेवळांच्याच दिवसांत ती बाजारात येतात. ती नसतील तर चिंच.
>
> आमसूल फक्त कोवळ्या शेवळांना. जून शेवळांची खाज त्याने पुरती जात नाही, असा आमचा अनुभव.
>
> आंबटाने खाज कमी होते. कोणालाच त्रास होणार नाही, असं मात्र नाही.
>
> आधी घशाला त्रास झाला असेल तर शक्यतो खाऊ नका

यादी गेली, तरी नजर टाकून वाचता येतं. परिच्छेद छोटा आणि त्याचा पहिला शब्द कामाचा असला की बुलेटची गरज पडत नाही. निवडण्याच्या भागात मात्र आकड्यांची यादी ठेवली, कारण तिथे खरंच क्रम आहे: हाताला तेल, मग वरची पानं सोलणं, मग आतल्या दांड्यावरचा पिवळसर दाणेदार भाग काढणं, मग चिरणं. तेल चौथ्या पायरीला वाचलं तर उपयोग काय?

मराठीत निकाल शेवटी लागतो

लोक वेबवर सलग वाचत नाहीत हे सांगताना जेकब निल्सन आणि जॉन मॉर्क्स या वापरसुलभतेच्या अभ्यासकांच्या १९९७ च्या चाचणीचा दाखला सगळेच देतात. त्यांनी पाहिलेल्यांपैकी ७९ टक्के लोक नवीन पानावर नुसती नजर फिरवत. शब्दन् शब्द वाचणारे १६ टक्के. मजकूर निम्मा केल्यावर वापरसुलभता ५८ टक्क्यांनी वाढली, नुसती नजर टाकण्याजोगी मांडणी केल्यावर ४७ टक्क्यांनी. पण तो मजकूर कशाचा होता? अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या पर्यटनस्थळांचा. स्थळांची यादी ही मुळातच यादी असते, तिथे ‘जर’ आणि ‘मात्र’ फारसे नसतात. ते आकडे अटी-शर्तींच्या मजकुराला जसेच्या तसे लावू नयेत असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट नजरेच्या वाटेची. नजर डावीकडच्या कडेने खाली उतरते आणि मुख्यतः ओळींचे सुरुवातीचे शब्द टिपते, हे निल्सन यांच्याच गटाने २००६ मध्ये वाचणाऱ्यांच्या नजरेचा यंत्राने मागोवा घेऊन दाखवलं. इंग्रजीत ‘करू नका’ हे वाक्याच्या तोंडाशीच येतं. आपल्याकडे अट आधी, क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही मागे. मावशीचं हे वाक्य घ्या:

> शेवळं कोवळी दिसली तरी चिरताना तुकडा कच्चा तोंडात घालून बघू नये.

अरुंद पडद्यावर याच्या दोन-तीन ओळी होतात. ओळींच्या सुरुवाती टिपणाऱ्याला ‘शेवळं कोवळी’, ‘कच्चा तोंडात’ एवढंच दिसतं. ‘नये’ शेवटच्या ओळीच्या टोकाला. म्हणजे सल्ल्याच्या बरोबर उलटं. त्यामुळे मनाईची वाक्यं मी आता दोन तुकड्यांत करते, नकाराचा तुकडा आधी आणि तीन-चार शब्दांत: ‘कच्चं चाखू नका. कोवळी दिसली तरी नाही.’ बोलताना आपण असंच म्हणतो, म्हणून ते ओढूनताणून वाटत नाही. प्रत्येक वाक्याला हे करू नये. सगळं पान आज्ञार्थी झालं तर पोलीस चौकीतली पाटी वाचल्यासारखं वाटतं. जिथे उलटा अर्थ घेतल्याने त्रास होईल तिथेच.

मथळ्यांनाही हाच नियम. ‘शेवळं आणि खाज’ हा विषय झाला, त्यातून कळत काही नाही. ‘शेवळं खाजतात का?’ यात उत्तर खाली शोधावं लागतं. पण उत्तर मथळ्यात घालताना अट गाळली तर मथळाच दिशाभूल करतो. ‘काकडांनी खाज जाते’ हा मथळा छोटा आहे आणि चुकीचा आहे. ‘काकडांनी खाज कमी होते’ जवळजवळ तेवढाच छोटा, आणि बरोबर. एका क्रियापदात काम होतं, एकच शब्द वाढतो.

मथळेच वाचून पान कसं लागतं हे बघायला ब्राउझरच्या कन्सोलमध्ये हे चालवते:

```js
document.querySelectorAll('h2, h3')
  .forEach(h => console.log(h.tagName, h.textContent.trim()));
```

ही यादी पानाशिवाय मावशीला फोनवर वाचून दाखवली. जिथे ती “अगं, पण…” म्हणाली तिथे मथळा बदलला. स्क्रीन रीडर वापरणारे बरेच जण मथळ्यावरून मथळ्यावर उड्या मारतच पान चाळतात, त्यांना हेच ऐकू येतं. मात्र त्यासाठी मथळा खरा `h2` किंवा `h3` हवा. नुसता ठळक केलेला परिच्छेद डोळ्यांना मथळा दिसतो, स्क्रीन रीडरला नाही.

परिच्छेद कुठे तोडायचा

तोडलेला परिच्छेद ‘मात्र’, ‘पण’ किंवा ‘तरीही’ने सुरू झाला की समजायचं, सुरी सांध्यावर पडली. विधान वरच्या खोक्यात, अट खालच्या. मोबाइलवर दोहोंच्या मध्ये फोटो आला तर अट दिसतच नाही. अशा वेळी दोन्ही एकत्र ठेवून त्याच्या आधी किंवा नंतर तोडते. परिच्छेद पाच ओळींचा झाला तर होऊ दे.

आणि जे शब्द काटछाटीत सगळ्यात आधी जातात त्यांची हजेरी घेते. जुना आणि नवा, दोन्ही मजकूर साध्या फाइलीत ठेवून:

```
grep -n -E 'मात्र|शक्यतो|बहुधा|साधारण|फक्त|आमच्याकडे' juna.txt
```

मग `nava.txt` वर तेच. ‘मात्रा’, ‘साधारणतः’ यांतही हे सापडतं, त्यामुळे आकडे मोजण्यापेक्षा ओळी वाचणं बरं. प्रत्येक शब्द परत यायलाच हवा असं नाही. मावशीचे दोन ‘साधारण’ नुसते बोलण्याच्या ओघात होते, ते गेले. पण प्रत्येकाचा निकाल जाणीवपूर्वक लागला पाहिजे.

यात सगळ्यात महाग निघाला ‘आमच्याकडे’. ‘आमच्याकडे पिवळा भाग अजिबात ठेवत नाहीत’ याचं मागच्या फेरीत ‘पिवळा भाग काढून टाका’ झालं होतं. सूचना म्हणून ठीकच. पण काही घरांत निवडण्याची पद्धत वेगळी असते, आणि तशा घरातल्या बाईने हे वाचलं तर पान आपल्याला खोडून काढतंय असं तिला वाटेल. आता पायरीत आज्ञार्थ ठेवला आणि यादीखाली एक ओळ दिली: ‘ही आमच्या घरची पद्धत, तुमच्याकडे वेगळं करत असतील तर जाणत्या माणसाला विचारा.’ मावशीने ‘जाणत्या’वर बोट ठेवून “हे बरं केलंस” म्हटलं.

शिल्लक काम

पाककृतींचा भाग अजून तसाच आहे. सोड्यांची, कोलंबीची आणि वालाची अशा तीन पद्धती एकाच परिच्छेदात गुंतल्यात. तिथे तीन `h3` सरळ पडतील, विशेष डोकं लावावं लागणार नाही.

अडलंय ते शास्त्रीय माहितीपाशी: स्फटिक कसे टोचतात, जून शेवळात काय बदलतं. ती `<details>`मध्ये घडी घालून ठेवायचा मोह होतोय. पण बंद घडी छापताना बंदच राहते, आणि हे पान छापून स्वयंपाकघरात लावणारे लोक आहेत. त्यामुळे कारणं घडीत जाऊ शकतात, अटी नाहीत. ‘आमसूल फक्त कोवळ्या शेवळांना’ ही ओळ उघड्यावरच राहील. ते का, हे ज्याला वाचायचंय त्याने घडी उघडावी.