क्रम लावा : 1928 ते 1932 या पाच वर्षांवरचा प्रश्नसंच काढताना

सोलापुरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये मी इतिहास शिकवतो. यंदा सराव परीक्षांसाठी ‘घटनांचा कालानुक्रम लावा’ या प्रकाराचा वेगळा संच काढायचं काम माझ्याकडे आलं. विषय स्वातंत्र्यलढा, म्हणजे 1857 पासून 1947 पर्यंत काहीही विचारायची मुभा. पण एवढा मोठा पट्टा घेतला की प्रश्न फार सोपे होतात. 1885, 1905, 1920 आणि 1942 मधली एकेक घटना दिली, की दहावी झालेला कोणीही क्रम लावतो. म्हणून मी सायमन कमिशन मुंबईत उतरलं त्या फेब्रुवारी 1928 पासून तिसरी गोलमेज परिषद संपली त्या डिसेंबर 1932 पर्यंतचाच काळ घेतला. या पाचेक वर्षांत घटना एकीतून दुसरी निघत जातात आणि मुलांचा सगळा घोळही इथेच होतो.

प्रश्न लिहायच्या आधी क्लासमधले जुने संच चाळले. त्यातल्या बहुतेक प्रश्नांत एक गंमत दिसली. खरं तर ती एका विद्यार्थ्यानेच दाखवली. इतिहासात बेताचाच, पण क्रमाचे प्रश्न हमखास बरोबर सोडवायचा. कसं, म्हणून विचारलं तर म्हणाला, “सर, वाचायचंच नाही. पहिल्या जागी कोणतं अक्षर जास्त वेळा आलंय ते बघायचं, मग दुसऱ्या जागी. तसं उत्तर तयार होतं.” मी ताडून पाहिलं. समजा बरोबर उत्तर ड-अ-क-ब आहे. प्रश्न काढणारा काय करतो, तर या उत्तरातली शेजारशेजारची दोन अक्षरं उलटी करून चुकीचे पर्याय बनवतो : अ-ड-क-ब, ड-क-अ-ब आणि ड-अ-ब-क. आता चारही पर्याय एकाखाली एक लिहा. पहिल्या जागी ड तीनदा, दुसऱ्या जागी अ दोनदा, तिसऱ्या जागी क दोनदा, चौथ्या जागी ब तीनदा. वाचा : ड-अ-क-ब. इतिहासाचं एक पान न उघडता मार्क मिळाले.

तेव्हा घटना निवडण्याआधी पर्यायांचा सांगाडा ठरवणं भाग होतं. मी जो वापरला तो दोन जोड्यांचा. चार घटना अशा घ्यायच्या की त्यात मुलांना गोंधळात पाडणाऱ्या दोन स्वतंत्र जोड्या असतील. हे उदाहरण पाहा :

अ) पहिल्या गोलमेज परिषदेला सुरुवात झाली.
ब) भगतसिंग, राजगुरू व सुखदेव यांना फाशी देण्यात आली.
क) गांधी-आयर्विन करार झाला.
ड) धारासना येथे मिठागरावर सत्याग्रह झाला.

बरोबर क्रम ड-अ-क-ब : मे 1930, नोव्हेंबर 1930, 5 मार्च 1931, 23 मार्च 1931. बाकीचे तीन पर्याय ड-अ-ब-क, अ-ड-क-ब आणि अ-ड-ब-क. पहिल्या जोडीत ड आधी की अ, दुसरीत क आधी की ब, एवढ्या दोनच प्रश्नांची ही चार उत्तरं आहेत. कोणत्याही जागी कोणतंही अक्षर दोनदाच येतं, त्यामुळे मोजून काही हाती लागत नाही. शिवाय मुलाने कोणता पर्याय निवडला यावरून त्याचं नेमकं काय राहिलंय ते कळतं. ड-अ-ब-क निवडणाऱ्याला मिठाचा सत्याग्रह आणि परिषद यांचा संबंध ठाऊक आहे, पण करार आणि फाशी यांचा क्रम त्याच्या डोक्यात उलटा बसलाय.

या सांगाड्याला मर्यादा आहे. ड आणि अ कायम पहिल्या अर्ध्यात, क आणि ब कायम दुसऱ्या अर्ध्यात राहतात. त्यामुळे परिषद करारापूर्वी झाली हे मुलाला फुकट मिळतं, ते तपासलं जात नाही. म्हणून तपासायचं ते जोडीच्या आत येईल अशा घटना निवडाव्या लागतात.

दुसऱ्या जोडीवर मी बराच वेळ घालवला, कारण फाशी करारानंतर अठरा दिवसांनी झाली हे पाठ असण्यापेक्षा ते तर्काने काढता यावं अशी माझी इच्छा होती. आणि ते काढता येतं. आयर्विनशी बोलणी चालू असताना गांधीजींनी भगतसिंगांच्या शिक्षेचा विषय काढला होता, म्हणजे बोलण्यांच्या वेळी फाशी व्हायची होती. कराराला काँग्रेसची मान्यता कराची अधिवेशनात घ्यायची होती आणि त्या अधिवेशनाला जाताना चिडलेल्या तरुणांनी गांधीजींना काळी फुलं दिली, म्हणजे तोवर फाशी झालेली होती. करार, फाशी, कराची. ज्याला ती काळी फुलं माहीत आहेत त्याला तारखांची गरज नाही.

इथे मी माझ्यापुरता एक नियम केला. दोन घटनांमध्ये असा धागा सापडला नाही तर ती जोडी विचारायची नाही. चितगावच्या शस्त्रागारावरचा हल्ला 18 एप्रिल 1930 चा, पेशावरचा किस्साखानी बाजारातला गोळीबार 23 एप्रिलचा. पाच दिवसांचं अंतर, आणि एकीतून दुसरी निघालेली नाही. हा प्रश्न पाठांतराचा आहे, क्रमाचा नाही. असे प्रश्न ‘अवघड’ म्हणून संचात घालायचा मोह होतो, पण ते आळशी प्रश्न आहेत.

सगळ्यात मजेशीर अडचण आमच्या गावाचीच निघाली. सोलापुरातल्या मुलांना चार पुतळ्यांमुळे 12 जानेवारी 1931 ही तारीख तोंडपाठ असते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना त्या दिवशी येरवड्यात फाशी दिली. ही घटना प्रश्नात हवीच असं वाटलं आणि शेजारी ‘पहिली गोलमेज परिषद’ ठेवली. माझ्या सहकारी मॅडमनी कच्चा कागद वाचला आणि विचारलं, “परिषद म्हणजे कधीची? सुरू झाली तेव्हाची की संपली तेव्हाची?” प्रश्न रास्त होता. परिषद 12 नोव्हेंबर 1930 ला सुरू झाली आणि 19 जानेवारी 1931 ला संपली. लंडनमध्ये परिषद चालू असताना इथे चौघांना फाशी झाली. नुसतं ‘परिषद’ लिहिलं तर दोन्ही क्रम बरोबर ठरतात आणि परीक्षेनंतर हरकतींचा ढीग लागतो.

त्यानंतर संचातल्या प्रत्येक ओळीला क्रियापद लावलं. लांब चालणाऱ्या घटना या काळात भरपूर आहेत. सायमन कमिशनच्याच तीन तारखा होतात : नेमणूक नोव्हेंबर 1927, मुंबईत आगमन 3 फेब्रुवारी 1928 आणि अहवाल थेट 1930 मध्ये. नेहरू अहवाल ऑगस्ट 1928 चा. म्हणजे ‘सायमन कमिशन’ आणि ‘नेहरू अहवाल’ एवढंच लिहिलं तर हुशार मूल अडतं आणि ढोबळ वाचणारं सुटतं. पूर्ण स्वराज्याचंही तसंच. ठराव लाहोरला डिसेंबर 1929 मध्ये झाला, प्रतिज्ञा घेतली 26 जानेवारी 1930 ला. प्रश्नात ‘ठराव संमत झाला’ किंवा ‘देशभर प्रतिज्ञा घेण्यात आली’ यातलं एक स्पष्ट लिहायचं. वाक्य थोडं लांबतं, त्याला इलाज नाही.

तारखांचा मेळ घालतानाही थोडी डोकेदुखी झाली. जातीय निवाड्याची तारीख काही पुस्तकांत 16 ऑगस्ट 1932, तर काहींत 17 ऑगस्ट. क्रमाच्या प्रश्नात त्याने फरक पडत नाही, फक्त शेजारची घटना त्या दोन दिवसांत येता कामा नये. मी शेजारच्या घटनांत निदान दोन आठवड्यांचं अंतर राहील एवढं पाहिलं. त्यामुळे पुस्तकं एकमेकांशी भांडली तरी उत्तरसूची टिकते.

संच एका बॅचला सोडवायला दिला. सर्वांत जास्त मुलं चुकली ती या प्रश्नात :

अ) तिसऱ्या गोलमेज परिषदेला सुरुवात झाली.
ब) पुणे करार झाला.
क) दुसऱ्या गोलमेज परिषदेला सुरुवात झाली.
ड) जातीय निवाडा जाहीर झाला.

उत्तर क-ड-ब-अ. इथे दोन जोड्यांचा सांगाडा चालत नाही, कारण खरी चूक अ ही घटना कुठे बसते याचीच आहे. म्हणून बाकीचे पर्याय क-अ-ड-ब, ड-ब-क-अ आणि ड-क-अ-ब असे घेतले. पहिल्या आणि चौथ्या जागी दोन अक्षरं दोन-दोनदा, मधल्या जागांवर चारही अक्षरं एकेकदा, त्यामुळे मोजणाऱ्याची इथेही डाळ शिजत नाही. मुलांनी भरभरून निवडला तो क-अ-ड-ब. पुस्तकात तिन्ही परिषदा एकाच मथळ्याखाली येतात, त्यामुळे त्या लागोपाठ झाल्या आणि पुणे करार त्यानंतर, असं चित्र डोक्यात बसतं. प्रत्यक्षात दुसऱ्या परिषदेत अल्पसंख्याकांच्या प्रतिनिधित्वावर एकमत झालं नाही, म्हणून पंतप्रधान मॅक्डोनाल्डने आपला निवाडा दिला. त्यात दलितांना स्वतंत्र मतदारसंघ होते, त्याविरुद्ध गांधीजींनी 20 सप्टेंबरपासून येरवड्यात उपोषण केलं, डॉ. आंबेडकरांशी वाटाघाटी होऊन 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. तिसरी परिषद उघडली ती त्यानंतर, नोव्हेंबरमध्ये.

उत्तरसूचीत मी प्रत्येक प्रश्नाखाली तारखा लिहिल्या, पण तारखांच्या आधी असा दोन-तीन ओळींचा धागा लिहिला. क्लासच्या सरांचं म्हणणं होतं की पानं वाढतात, नुसत्या तारखा पुरे. मी हट्ट धरला आणि फाँट एक पॉइंटने बारीक करून तो विषय मिटवला.

या प्रश्नाचं स्पष्टीकरण वर्गात वाचल्यावर एका मुलीने विचारलं, “मग तिसऱ्या परिषदेला गांधीजी का नव्हते? करार तर झाला होता.” कारण ते तुरुंगात होते. दुसऱ्या परिषदेहून परतल्यावर जानेवारी 1932 मध्येच त्यांना अटक झाली होती, निवाडा आला तेव्हाही ते आतच होते, म्हणूनच उपोषण येरवड्यात झालं. म्हणजे अटक क आणि ड यांच्या मधे बसते. ही पाचवी घटना मूळ प्रश्नात घालता आली नसती, पर्याय लांबलचक झाले असते. तेव्हा दुसरी परिषद, अटक, निवाडा आणि उपोषण असा वेगळा प्रश्न केला आणि संचात लगेच पुढच्या क्रमांकावर ठेवला.