चौकटीबाहेरचा हात

"आई-बाबा इतक्या दूर, दुसऱ्या देशात. त्यांच्यावर लिहिताना ते रडगाणं होऊ नये म्हणून काय करता?"

'अपराधी' हा शब्द पहिल्या खर्ड्यात हवा तेवढा येऊ देते. दुसऱ्या खर्ड्यात तो सगळीकडून खोडते आणि त्या जागी त्या दिवशी व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर काय दिसलं ते लिहिते. काहीच आठवलं नाही, तर ते वाक्यही जातं.

मागच्या वर्षी आई आठवडाभर फोन हातात न धरता टेबलावर टेकवून बोलत होती. मला दिसायचा तो तिचा चेहरा आणि डावा खांदा. मी तिला म्हटलं, "आज फोन किती स्थिर धरलायस, छान दिसतेयस." आठ दिवसांनी बाबांच्या बोलण्यातून निसटलं, की ती बाथरूममध्ये पडली होती आणि उजव्या मनगटाला प्लास्टर होतं. यावर मी स्वतःला दोन पानं बोल लावले होते. ती सगळी काढली आणि माझं ते कौतुकाचं वाक्य तेवढं ठेवलं. त्यापुढे आणखी काही लिहायची गरज नव्हती.

बाबांच्या बाबतीत चूक वेगळी होती. उतारवयात बहुधा आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात. त्यामुळे स, श, फ अशी अक्षरं पुसट होतात. माणूस बोलतोय हे कळतं, पण काय बोलतोय ते नीट लागत नाही. त्यात फोनचा आवाज अडखळत येतो. बाबा प्रत्येक गोष्टीला "हो, हो" म्हणायचे आणि मी लेखात तो होकार म्हणून लिहायचे. एकदा विचारलं, "गोळी सकाळची राहिली की रात्रीची?" त्यालाही उत्तर आलं, "हो, हो." त्या रात्री जुने लेख काढून बसले. बाबांनी ज्याला संमती दिली असं मी लिहिलं होतं, त्यातलं त्यांना किती ऐकू आलं होतं, कोण जाणे. तेव्हापासून 'हो-नाही'त संपणारा प्रश्न मी त्यांना विचारत नाही, आणि त्यांचा नुसता 'हो' लेखात घेत नाही.

आता लेख बाहेर जाण्याआधी आईला कॉलवर सावकाश वाचून दाखवते. ती माझ्याकडे बघत ऐकते, पण कॅमेरा पडद्याच्या वर असल्यामुळे मला तिची नजर कायम खाली झुकलेलीच दिसते. त्या नजरेवरून तिला वाईट वाटलंय असं मी पूर्वी लिहून टाकायचे. आता थांबून विचारते.

प्लास्टरचा लेख वाचला तेव्हा ती एका शब्दावर अडली. मी लिहिलं होतं, 'आईनं लपवलं.'

"लपवलं कुठे गं? मी पडले तेव्हा तुझ्याकडे मध्यरात्र होती. सकाळी उठल्यावर तुला कामाला जायचं होतं. आणि मग राहूनच गेलं."

माझा शब्द खोडला आणि तिथं तिची ही वाक्यं जशीच्या तशी घातली.