शून्याच्या शेजारी तीन

परवा दुपारी भाची माझ्या खांद्यावरून बराच वेळ कागदाकडे पाहत होती आणि शेवटी न राहवून म्हणाली, "मावशी, तू नुसत्या फुल्याच काय मारत बसली आहेस? रेघ कधी काढणार?" समोर स्लिदरलिंकचे कोडे होते. ठिपके आडव्या-उभ्या रेघांनी जोडत एकच बंद वेटोळे तयार करायचे. त्याला कुठे फाटा फुटता कामा नये, त्याने स्वतःला छेदता कामा नये आणि ज्या घरात अंक असेल, त्या घराच्या तितक्याच बाजूंवर रेघ यावी, एवढाच त्याचा नियम. भाचीला रेघा हव्या होत्या. मला मात्र रेघ जिथे येऊच शकत नाही अशा जागा आधी फुलीने बाद केल्याशिवाय पुढे जाववत नाही, आणि म्हणून माझी नजर सगळ्यात आधी शून्य शोधते.

नवख्या माणसाला शून्य फुकट गेलेले घर वाटते, कारण त्याच्या भोवती काहीच काढायचे नसते. पण चार फुल्या मारून झाल्या की शून्याचे काम सुरू होते. वेटोळ्यात कोणत्याही ठिपक्यापाशी एक तर दोन रेघा असतात, नाही तर एकही नसते. त्यामुळे ठिपक्यापाशी जाणाऱ्या वाटा बंद होत गेल्या की उरलेल्या वाटेला स्वतःचा निर्णय घ्यावाच लागतो. शून्य अगदी कोपऱ्यात असेल, तर त्याच्या बाजूच्या कडेवरच्या ठिपक्याला पुढची एकच वाट उरते. एका रेघेवर ठिपका थांबू शकत नाही, म्हणून त्या वाटेवरही फुली पडते. दुसऱ्या बाजूलाही तेच होते. चार फुल्यांच्या सहा होतात आणि आपण अजून एकाही दुसऱ्या अंकाकडे पाहिलेले नसते.

भाचीला हे पटावे म्हणून मी पाठकोऱ्या कागदावर चार ओळींत चार असे सोळा ठिपके काढले. घरे झाली नऊ. वरच्या ओळीतल्या मधल्या घरात ० लिहिले आणि त्याच्या बरोबर खाली, म्हणजे सगळ्यांच्या मधोमध, ३. बाकी सात घरे कोरी ठेवली. "एवढ्यावर कसे सुटेल?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त होता.

शून्य आणि तीन यांची सामाईक बाजू बंद, तेव्हा तिनाच्या उरलेल्या तिन्ही बाजू भरल्या पाहिजेत: डावी, उजवी आणि खालची. आता तिनाच्या वरच्या डाव्या ठिपक्याकडे पाहावे. खालून एक रेघ तिथवर आली आहे; वर जाणारी वाट शून्याची, ती बंद; उजवीकडे सामाईक बाजू, तीही बंद. उरली डावीकडची, म्हणून रेघ तिकडेच वळते आणि थेट डाव्या कडेला लागते. उजव्या अंगालाही तसेच घडते. कडेला पोचलेल्या रेघेला वर किंवा खाली एवढेच पर्याय राहतात. ती वर गेली तर कोपरा वळून शून्याच्या वरच्या डाव्या ठिपक्यापाशी येते आणि तिथे तिच्यापुढे शून्याच्या दोन फुल्या उभ्या असतात, म्हणजे वाट संपली. खाली गेली तर मात्र तिनाच्या खालच्या दोन्ही ठिपक्यांवर आधीच दोन-दोन रेघा असल्यामुळे मध्ये शिरायला कुठेच जागा नाही, आणि ती कडेकडेने खालचा डावा कोपरा, तळाची ओळ, खालचा उजवा कोपरा असे करत दुसऱ्या टोकाला जाऊन मिळते. वरून मधोमध खाच पाडलेला आयत तयार होतो. बारा रेघा, दोन अंक आणि एकच उत्तर. गंमत म्हणजे ज्याच्या तीन बाजूंना रेघ आहे, ते मधले घर वेटोळ्याच्या बाहेरच राहते.

मग मी शून्य एक घर डावीकडे, कोपऱ्यात सरकवले. तीन तिथेच. आता दोघे कोनाकोनात आले. दोघांच्या मधल्या ठिपक्यापाशी शून्याच्या दोन वाटा बंद असल्यामुळे तिनाच्या तिथल्या दोन बाजू एक तर दोन्ही भरायच्या, नाही तर दोन्ही सोडायच्या. आणि तिनाला एकच बाजू सोडण्याची मुभा असल्याने दोन्ही भरल्या जातात. हा नमुना पक्काच आहे, पण तिसरी रेघ उजवीकडे जाईल की खाली, हे ठरवायला काही साधन उरत नाही. एका बाजूने केलेले उत्तर तिरक्या आरशात पाहिले की दुसरे उत्तर मिळते, आणि एकाहून अधिक उत्तरे असलेले कोडे छापण्याच्या लायकीचे नसते. शून्य एक घर सरकले आणि कोडे मोडले.

हा प्रकार निकोली या जपानी कोड्यांच्या नियतकालिकात 1989 साली पहिल्यांदा आला, तेव्हा म्हणे प्रत्येक घरात अंक असे. नंतर घरे कोरी राहू लागली. ज्याला ही कल्पना पहिल्यांदा सुचली असेल, त्याने फार चांगले काम केले असे माझे मत आहे. सगळे अंक दिले की सोडवणारा मोजदाद करत बसतो. काही अंक काढून घेतले की त्याला विचार करावा लागतो.

कोपरे तर फार बोलके असतात. कोपऱ्यातल्या ठिपक्याला मुळात दोनच वाटा, त्यामुळे त्या दोन्ही भरतात किंवा दोन्ही मोकळ्या राहतात. कोपऱ्यात ३ दिसला की बाहेरच्या दोन्ही बाजू डोळे मिटून काढाव्यात, १ दिसला की दोन्हींवर फुली मारावी. त्या ३ च्या कोनात आतल्या अंगाला ० आला, तर आतल्या दोन्ही बाजूही भराव्या लागतात आणि तिनाच्या चार होतात. असे दिसले तर अंक उतरवून घेतानाच काही चुकले असे खुशाल समजावे. मला मात्र सर्वांत आवडतो तो कोपऱ्यातला २. त्याच्या बाहेरच्या दोन बाजू भरायच्या की आतल्या, हे तो शेवटपर्यंत सांगत नाही. पण बाहेरच्या भरल्या तरी रेघ कडेने पुढे जाणार आणि आतल्या भरल्या तरी ती कडेला येऊन पुढेच जाणार. म्हणून शेजारच्या दोन्ही घरांच्या कडेवरच्या बाजू नक्की भरतात. स्वतःविषयी मौन आणि शेजाऱ्यांविषयी खात्रीची बातमी, अशी माणसे आमच्या वाड्यातही होती.

वाड्यावरून आत्या आठवते. ती वर्तमानपत्रातले शब्दकोडे शाईच्या पेनाने सोडवायची आणि आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांनी पटल्याशिवाय घरात अक्षर लिहायची नाही. "बसतंय म्हणून लिहायचं नसतं गं," असे म्हणून ती ते घर मोकळे ठेवायची. स्लिदरलिंकमध्ये तिचे म्हणणे मला फार उपयोगी पडते, कारण अंदाजाने ओढलेली एक रेघ पुढच्या पंधरा रेघांना आपल्याबरोबर घेऊन जाते आणि मग कुठल्या तरी कोपऱ्यात छोटेसे वेटोळे बंद होते, बाकीचे अंक मात्र उपाशी राहतात. अशा वेळी कुठली रेघ सिद्ध केली होती आणि कुठली नुसती बसली होती, हे फुल्यांवाचून कळत नाही.

तरीही मोठ्या कोड्यात अशी वेळ येतेच, की कोपरे संपलेले असतात, शून्ये वापरून झालेली असतात आणि मधल्या भागात नुसते दोन पसरलेले असतात, जे कशालाच नकार देत नाहीत. आत्या असे कोडे अर्धे ठेवून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकातले उत्तरही पाहायची नाही. मी पाहते.